पंपाची पाटी आणि पंपाचा कर्व्ह

भिवंडी-पडघा पट्ट्यातल्या कुठल्याही मोठ्या गोदामाच्या पंपघरात गेलात, तर फायर पंपाच्या डिलिव्हरी पाइपवर एक दाबमापक दिसेल. काटा बहुधा नऊ-दहा बारवर स्थिर असतो. मालक तो पाहतो, जागा भाड्याने घेणारा तो पाहतो आणि दोघांनाही वाटतं की आग लागली तर पाणी मिळणार. पण तो काटा पाणी वाहत नसतानाचा दाब सांगतो. वरच्या मजल्यावरचा नळ सुरू असताना खालच्या मजल्यावर कुणी मोठा नळ सोडला की वरची धार बारीक होते, हे आपण घरी रोज पाहतो. स्प्रिंकलरचं सगळं गणित याच एका गोष्टीभोवती फिरतं: दाब किती, हा प्रश्न एकटा विचारता येत नाही. मिनिटाला किती लिटर वाहत असताना किती दाब, असंच विचारावं लागतं.

हे गणित एका काल्पनिक पण नेहमी आढळणाऱ्या गोदामावर करून पाहू. छत नऊ मीटर उंच, रॅकवर साडेसात मीटरपर्यंत खोक्यांत भरलेला माल, हायड्रंट आणि स्प्रिंकलर एकाच पंपावर. छताला ईएसएफआर जातीचे स्प्रिंकलर आहेत. १९८०च्या दशकात अमेरिकेत फॅक्टरी म्युच्युअलच्या प्रयोगशाळेत ते विकसित झाले. आग पसरू न देणं एवढ्यावर न थांबता तिच्या ज्वाळांतून खाली घुसून ती सुरुवातीलाच दाबून टाकणं, हे त्यांचं काम. त्यासाठी थेंब मोठे हवेत, पाणी भरपूर हवं आणि लवकर हवं.

सिनेमात दाखवतात तसे सगळे स्प्रिंकलर एकदम उघडत नाहीत. प्रत्येकाला स्वतःचा उष्णतेने उघडणारा भाग असतो आणि आगीच्या वरचे तेवढेच उघडतात. एनएफपीए १३ या अमेरिकी मानकानुसार ईएसएफआरसाठी बारा स्प्रिंकलर एकाच वेळी चालू आहेत असं धरतात: तीन शाखा-पाइप आणि प्रत्येकावर चार. भारतात मोठ्या गोदामांची आखणी बऱ्याचदा याच मानकाने होते. हे बारा पंपापासून जलदृष्ट्या सर्वांत दूर असलेल्या कोपऱ्यातले घ्यायचे. तिथे पाणी पुरलं, तर बाकी ठिकाणी पुरतंच.

आता हिशेब शेवटच्या स्प्रिंकलरपासून सुरू होतो आणि पाण्याच्या उलट दिशेने पंपाकडे येतो. स्प्रिंकलरमधून किती पाणी पडेल हे सांगणारं सूत्र छोटं आहे:

Q = K√P

Q म्हणजे मिनिटाला लिटर, P म्हणजे बारमध्ये दाब, आणि K हा स्प्रिंकलरच्या भोकाचा आकडा, जो त्याच्यावरच कोरलेला असतो. आपल्या स्प्रिंकलरचा K २०० आहे. ही उंची आणि हा माल असेल तर शेवटच्या स्प्रिंकलरवर किमान साडेतीन बार दाब हवा. ३.५ चं वर्गमूळ १.८७, म्हणून एका स्प्रिंकलरमधून मिनिटाला ३७४ लिटर. प्रत्येकाच्या वाट्याला नऊ चौरस मीटर जमीन येते, म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ मिलिमीटर पाऊस.

दुसऱ्या स्प्रिंकलरवर दाब किंचित जास्त असतो, कारण मधल्या तीन मीटर पाइपातल्या घर्षणात जेवढा दाब जातो तेवढा तिथे शिल्लक असावाच लागतो. दाब जास्त म्हणून पाणीही जास्त. तिसऱ्याला आणखी, चौथ्याला आणखी. म्हणून ३७४ ला चारने गुणून मोकळं होता येत नाही. एकेक पायरी चढावी लागते. घर्षणासाठी हेझन आणि विल्यम्स या दोन अमेरिकी अभियंत्यांचं सूत्र वापरतात. ते पूर्ण मांडण्याची इथे गरज नाही, पण त्यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पाणी दुप्पट केलं तर दाबाची हानी साडेतीन पटींहून जास्त होते. आणि पाइपाचा आतला व्यास थोडा जरी वाढवला, तरी हानी झपाट्याने उतरते, कारण व्यासाचा घात जवळजवळ पाच आहे.

शाखा-पाइप ६५ मिलिमीटरचा घेतला, तर चार स्प्रिंकलर मिळून मिनिटाला सुमारे १,५१० लिटर लागतात आणि शाखा जिथे मुख्य पाइपाला मिळते तिथे ४.१ बार दाब हवा. यात तिथल्या टी-जोडाची हानीही धरली आहे. तो वीतभर जोड पाण्याला साडेतीन मीटरहून जास्त लांबीच्या सरळ पाइपाइतका अडवतो. पैसे वाचवायला शाखा ५० मिलिमीटरची केली तर? त्याच ठिकाणी साडेपाच बार लागतात. पाइपाच्या एका आकाराची बचत केली आणि पंपावर १.४ बारचं ओझं टाकलं. निविदेत पाइपांचे आकार परस्पर बदलले जातात तेव्हा नेमकं हेच घडतं, म्हणून बदल झाला की गणित पुन्हा करायलाच हवं.

मुख्य पाइप जाड असल्याने तीन शाखांमध्ये फारसा फरक पडत नाही. तिन्ही मिळून मिनिटाला ४,५४० लिटर. अग्निशमन दलाच्या होजसाठी ९५० लिटर वेगळे धरतात. एकूण ५,४९०.

मग दाबाची बेरीज. शाखेच्या तोंडाशी ४.१ बार. पंपापासून स्प्रिंकलरपर्यंत साडेआठ मीटर चढ, म्हणून ०.८, पाणी दहा मीटर वर न्यायला साधारण एक बार लागतो. गोदामातल्या १५० मिलिमीटरच्या मुख्य पाइपात, जोड धरून ७५ मीटर लांबीला, ०.८. अलार्म व्हॉल्व्हमध्ये ०.३. पंपघरापासून येणाऱ्या जमिनीखालच्या २०० मिलिमीटरच्या १८० मीटर पाइपात ०.७. बेरीज ६.७ बार.

मिनिटाला ५,४९० लिटर, ६.७ बारला. हाच डिमांड पॉइंट, म्हणजे मागणीचा बिंदू. आलेखावर आडवा अक्ष प्रवाहाचा, उभा अक्ष दाबाचा. त्यावर हा एक ठिपका.

आता पंप. समजा जागेवर मिनिटाला ४,५५० लिटर आणि ७ बार अशी पाटी असलेला पंप आहे. मागणी ६.७ बारची, पंप ७ बारचा. चालेल असं वाटतं. इथेच सर्वांत जास्त फसगत होते. पाटीवरचे ७ बार ४,५५० लिटरला आहेत. आपल्याला ५,४९० हवेत, म्हणजे पाटीपेक्षा वीस टक्के जास्त. केंद्रापसारी पंपाचा दाब प्रवाह वाढेल तसा उतरत जातो, आणि ही उतरती रेघ म्हणजे पंप कर्व्ह. फायर पंपासाठी नियम असा की पाटीवरच्या दीडपट प्रवाहाला पाटीवरच्या दाबाच्या किमान ६५ टक्के दाब मिळाला पाहिजे. या नियमात जेमतेम बसणाऱ्या पंपाच्या कर्व्हवर ५,४९० लिटरला साधारण ६.१ बार मिळतात. ठिपका रेघेच्या वर राहिला. पंप ०.६ बारने कमी पडतो आणि पंपघरातला काटा हे कधीच सांगणार नाही.

दोन वाटा आहेत. गोदामातला १५० चा मुख्य पाइप २०० चा केला, तर तिथली हानी ०.८ वरून ०.२ वर येते आणि मागणी ६.१ बारवर उतरते. म्हणजे ठिपका बरोबर रेघेवर. कागदावर हे जमतं, पण मला ते मान्य नाही. नवा पंप आणि नवा पाइप यांच्या आकड्यांवर शिल्लक शून्य ठेवली, तर जुने झाल्यावर काय उरेल? दुसरी वाट म्हणजे तेवढ्याच प्रवाहाचा पण ८.८ बारचा पंप. तो ५,४९० लिटरला सुमारे ७.६ बार देतो. ठिपक्याच्या वर जवळपास एक बार मोकळा राहतो, आणि मी हाच घेईन.

मात्र मग कर्व्हचं दुसरं टोक तपासावं लागतं. पाणी बंद असताना पंपाचा दाब पाटीपेक्षा वर जातो. आडव्या पंपासाठी भारतातल्या प्रचलित नियमाची मर्यादा १२० टक्के, म्हणजे इथे साडेदहा बार. स्प्रिंकलर आणि जोड साधारण १२ बारचे असतात, तेव्हा हे बसतं. १४० टक्क्यांपर्यंत चढणारा पंप घेतला असता तर ही मर्यादा ओलांडली गेली असती.

टाकीचंही तसंच. तासभर पुरवठा हवा, म्हणून ५,४९० गुणिले ६० म्हणजे सुमारे ३ लाख ३० हजार लिटर, असा हिशेब नेहमी दिसतो. पण पाणी डिमांड पॉइंटवर थांबत नाही. पंपाकडे जास्त दाब आहे, म्हणून स्प्रिंकलरमधून जास्त पाणी वाहतं आणि जिथे पाइपांची रेघ पंपाच्या रेघेला छेदते तिथे प्रवाह स्थिरावतो. आपल्या उदाहरणात हा छेद मिनिटाला सुमारे ५,७५० लिटरवर येतो. टाकी साडेतीन लाखांची हवी. आग पंपाच्या जवळच्या कोपऱ्यात लागली तर घर्षण कमी, म्हणून प्रवाह याहूनही जास्त.

पंप कालांतराने कसा बदलला हे ओळखायला वर्षातून एकदा चाचणी मार्गावरच्या प्रवाहमापकातून पाणी सोडून तीन वाचनं घेतात: प्रवाह शून्य, पाटीइतका आणि दीडपट. ती मूळ कर्व्हवर मांडली की बिघाड कुठे आहे ते दिसतं. शून्य प्रवाहाचं वाचन जुन्याइतकंच, पण दीडपटीचं खूप खाली आलं असेल, तर टाकीकडून येणारी वाट अडली आहे: गाळणी तुंबली, किंवा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहिला. तिन्ही वाचनं सारखीच खाली आली असतील, तर वेग पाहायचा. डिझेल इंजिनाचे फेरे पाच टक्के कमी झाले तर दाब जवळजवळ दहा टक्के घटतो. वेग ठीक असेल तर पंपाच्या आतली झीज शोधायची.

ठिपकाही जागा बदलतो. पाइप आतून गंजून खडबडीत झाला की तेच घर्षण चाळीस टक्क्यांनी वाढू शकतं. त्याहून मोठा बदल होतो तो भाडेकरू बदलल्यावर. खोक्यांतल्या मालाऐवजी उघड्या फोमच्या गाद्या रचल्या, तर साडेतीन बार आणि बारा स्प्रिंकलर हा आधारच लागू होत नाही; वेगळी रचना लागते, कदाचित रॅकच्या आतही स्प्रिंकलर. आखणी कुठल्या मालासाठी, किती उंचीसाठी, किती प्रवाहाला किती दाब धरून केली, हे अलार्म व्हॉल्व्हजवळच्या पाटीवर लिहिलेलं असायला हवं. गोदाम भाड्याने घेण्याआधी ती पाटी वाचावी आणि तिच्यावरचे दोन आकडे पंपाच्या ताज्या चाचणीच्या कर्व्हवर ठेवून पाहावेत. पाटी नसेल, तर मूळ गणिताची प्रत मालकाकडे मागावी.