'बीन'च्या पुढे काय आहे?

भाच्याच्या वहीत आठ वाक्यं होती. प्रत्येकातल्या क्रियापदाखाली रेघ मारलेली आणि वर सूचना एकच, काळ ओळखा. तो स्पर्धा परीक्षेच्या तयारीला लागला आहे, म्हणजे अशा आठ-आठ वाक्यांचे ढीग त्याने उपसले आहेत. तरी आठांपैकी तीनच बरोबर आली होती. मी विचारलं, "तू काळ ठरवतोस कसा?" तो म्हणाला, "सोपं आहे, मामा. आधी वाक्याचं मराठी करतो, मग मराठीत जो काळ निघेल तो लिहितो."

गडबड नेमकी तिथेच होती. पहिलं वाक्य होतं, 'द चिल्ड्रन हॅव बीन पेंटिंग द वॉल सिन्स मॉर्निंग'. त्याने मराठी केलं, मुलं सकाळपासून भिंत रंगवताहेत. मराठी म्हणून हे चोख आहे. 'रंगवताहेत' हा चालू वर्तमानकाळ, म्हणून त्याने प्रेझेंट कंटिन्युअस लिहिलं आणि गुण गेला. मराठीत 'मुलं आत्ता भिंत रंगवताहेत' आणि 'मुलं सकाळपासून भिंत रंगवताहेत' या दोन्हींना क्रियापदाचं एकच रूप पुरतं. वेळेचा फरक 'आत्ता' आणि 'सकाळपासून' हे शब्द सांभाळतात. इंग्रजी तो फरक क्रियापदातच ठेवते. आत्ताचं असेल तर 'आर पेंटिंग', सकाळपासूनचं असेल तर 'हॅव बीन पेंटिंग'. त्यामुळे भाषांतर केलं की ज्या खुणेवरून काळ ओळखायचा तीच पुसली जाते. गाइडवाल्यांनाही हे जाणवलं असावं. म्हणून ते 'मुले भिंत रंगवत आलेली आहेत' असलं मराठी छापतात, जे आपण घरात कधी बोलत नाही.

दुसऱ्या वाक्यात त्याची चूक बरोबर उलटी होती. 'द वॉल हॅज बीन पेंटेड.' पहिल्या प्रकारची चूक क्लासमध्ये कुणीतरी दाखवून दिली होती आणि वर तोडगाही दिला होता. 'हॅज बीन, हॅव बीन दिसलं की डोळे मिटून परफेक्ट कंटिन्युअस लिहायचं.' पठ्ठ्याने डोळे मिटले. खरं तर हे पूर्ण वर्तमानकाळातलं पॅसिव्ह वाक्य आहे. भिंत रंगवून झाली आहे, काम चालू असल्याची खूण त्यात कुठेच नाही.

दोन्ही वाक्यांत 'बीन' आहे, मग फरक कशाने पडला? 'बीन'च्या पुढच्या शब्दाने. एकात 'पेंटिंग' आहे, दुसऱ्यात 'पेंटेड'. इंग्रजी क्रियापदाची रांग रेल्वेच्या डब्यांसारखी असते. प्रत्येक साहाय्यक क्रियापद आपल्या पुढच्या डब्याचं रूप ठरवतं. 'हॅव'च्या कुठल्याही रूपापुढे क्रियापदाचं तिसरं रूप येतं, आणि या जोडणीचं नाव परफेक्ट, म्हणजे पूर्ण. 'बी'च्या, म्हणजे इज, आर, वॉज, बीन, बीइंग यांच्या पुढे आयएनजी लागलेलं रूप आलं तर ती जोडणी कंटिन्युअस. त्याच 'बी'पुढे तिसरं रूप आलं तर पॅसिव्ह. आणि 'विल'पुढे मूळ रूप येतं. याहून वेगळी जोडणी या आठ वाक्यांना लागत नाही.

उरला भूत-वर्तमानाचा प्रश्न. तो रांगेतला पहिला शब्दच सांगतो. हॅज असेल तर वर्तमान, हॅड असेल तर भूत, इज वर्तमान, वॉज भूत. शाळेच्या तक्त्यात 'विल' म्हणजे भविष्य. भाषाशास्त्रज्ञ मात्र इंग्रजीत रूपाने दोनच काळ मोजतात, वर्तमान आणि भूत, आणि 'विल'ला 'कॅन', 'मे' यांच्या पंगतीत बसवतात. उत्तरपत्रिकेत हा वाद काढू नये, तिथे 12 खणांचा तक्ताच चालतो.

भाच्याला तिसरं वाक्य मी शब्दाशब्दाने वाचायला लावलं. 'द रोड वॉज बीइंग रिपेअर्ड व्हेन वी पास्ड.' रेघ होती 'वॉज बीइंग रिपेअर्ड'खाली. पहिला शब्द 'वॉज', म्हणून भूतकाळ. 'वॉज' हे 'बी'चं रूप आणि त्याच्यापुढे 'बीइंग', म्हणजे आयएनजी. जोडणी कंटिन्युअस. आता 'बीइंग' हेही 'बी'चंच रूप, आणि त्याच्यापुढे 'रिपेअर्ड' हे तिसरं रूप. जोडणी पॅसिव्ह. रांग संपली. उत्तर, पास्ट कंटिन्युअस, पॅसिव्ह. मराठी करायची वेळच आली नाही. यात 'बीइंग' दोन कामं करतो हे लक्षात घ्यायला हवं. मागच्या 'वॉज'ने सांगितलं म्हणून त्याने आयएनजी लावून घेतलं, आणि पुढच्या शब्दाला तिसरं रूप घ्यायला त्याने स्वतः सांगितलं. 'बीन'चंही तसंच. मागच्या 'हॅव'मुळे तो 'बीन' झाला, पण पुढे काय येणार हे त्याच्या 'बी'पणावर ठरतं. मधला शब्द असा मागे आणि पुढे दोन्हीकडे जोडलेला असतो. एकट्या 'बीन'कडे पाहून निकाल लावणारे फसतात ते यामुळेच.

सगळ्यात लांब रांग होती 'द रिझल्ट विल हॅव बीन डिक्लेअर्ड बाय देन' या वाक्यात. त्या वेळेपर्यंत निकाल लागलेला असेल. 'विल'ने भविष्य सांगितलं, पुढे मूळ रूपात 'हॅव' आला. 'हॅव'पुढे तिसरं रूप 'बीन', म्हणून परफेक्ट. 'बीन'पुढे तिसरं रूप 'डिक्लेअर्ड', म्हणून पॅसिव्ह. चार शब्द आणि तीन जोडण्या. डब्यांचा क्रमही कधी बदलत नाही. विल पहिला, मग परफेक्टचा 'हॅव', मग कंटिन्युअसचा 'बी', मग पॅसिव्हचा 'बी', शेवटी मुख्य क्रियापद. मधले डबे नसले तरी चालतं, जागा मात्र बदलत नाहीत. नोम चॉम्स्की यांनी 1957 साली 'सिन्टॅक्टिक स्ट्रक्चर्स' या छोट्याशा पुस्तकात हा क्रम एका ओळीच्या सूत्रात बसवून दाखवला. 'हॅव'ची खूण 'हॅव'वर न दिसता पुढच्या शब्दावर उडी मारून बसते, ही त्यातली गंमत.

या डब्यांपैकी एक बराच उशिरा जोडला गेला. 'इज बीइंग बिल्ट' ही रचना इंग्रजीत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागली. त्याआधी 'द हाउस इज बिल्डिंग' म्हणत आणि घर बांधलं जात आहे असा अर्थ सहज घेत. नवी रचना अनेकांना खटकली. अमेरिकेतल्या रिचर्ड ग्रँट व्हाइट यांनी 1870 साली आपल्या पुस्तकात तिच्यावर कडाडून टीका केली. आज 'द हाउस इज बिल्डिंग' असं लिहिलं तर मास्तर लाल शाईने खोडतील.

पॅसिव्हच्या वाक्यांत मराठी माणसाची आणखी एक अडचण होते, आणि ती शाळेतल्या मराठी व्याकरणातून येते. 'रामाने आंबा खाल्ला' हा कर्मणी प्रयोग, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. क्रियापद आंब्याच्या मागे जातं, म्हणून ते वाक्य पॅसिव्ह, असं पुष्कळांना वाटतं. पण त्याचं इंग्रजी 'राम एट अ मँगो', आणि ते सरळ अ‍ॅक्टिव्ह आहे. उलट 'भिंत रंगवली आहे' यात रंगवणारा आपण सांगतच नाही, आणि 'रंगवली गेली आहे' असं म्हणायची गरजही आपल्याला वाटत नाही. इंग्रजीत मात्र रंगवणारा न सांगता भिंत पुढे ठेवायची तर पॅसिव्हशिवाय गत्यंतर नाही. प्रयोग आणि व्हॉइस यांची अशी सांगड घालू नये. शिवाय व्हॉइस हा काळ नव्हे. 'हॅज बीन पेंटेड'चा काळ प्रेझेंट परफेक्टच राहतो, पॅसिव्ह ही त्याला जोडलेली वेगळी माहिती. काही उत्तरसूचींमध्ये दोन्ही लिहावं लागतं, काहींमध्ये नुसता काळ. पर्यायांवरून ते कळतं.

उरलेल्या वाक्यांपैकी दोन निव्वळ बिचकवायला ठेवली होती. 'ही हॅड हॅड फीव्हर बिफोर द एक्झाम'मध्ये छापताना शब्द दोनदा पडला असेल असं भाच्याला वाटलं. पहिला 'हॅड' साहाय्यक, दुसरा मुख्य क्रियापदाचं तिसरं रूप, म्हणून पास्ट परफेक्ट. 'ही पुट द कीज ऑन द टेबल'मध्ये 'पुट' तिन्ही रूपांत सारखाच राहतो, मग काळ कसा कळणार? इथे गैरहजेरी कामाला येते. वर्तमान असता तर 'ही'बरोबर 'पुट्स' झालं असतं. एस नाही, म्हणून सिम्पल पास्ट. 'ही'ऐवजी 'दे' असतं तर नुसत्या रूपावरून काहीच ठरलं नसतं, मग आजूबाजूची वाक्यं पाहावी लागली असती.

'द बस लीव्ज अ‍ॅट सिक्स टुमॉरो'वर त्याने वाद घातला. "मामा, उद्या सुटणार आहे ना बस? मग भविष्यच की!" मी म्हटलं, आपणही 'गाडी उद्या सहाला सुटते' असंच म्हणतो, आणि 'सुटते' हा वर्तमानकाळच. वेळापत्रकातल्या गोष्टी दोन्ही भाषा वर्तमानात सांगतात. काळाचं नाव रूपावरून द्यायचं, घटना कधी घडते यावरून नव्हे. इथे योगायोगाने मराठी कामाला आली.

आठवं वाक्य 'द शॉप इज क्लोज्ड' हे मात्र खरंच अवघड. जोडणी पाहिली तर 'बी' अधिक तिसरं रूप, म्हणजे सिम्पल प्रेझेंट, पॅसिव्ह. पण दुकान बंद आहे, एवढाच अर्थ असेल तर 'क्लोज्ड' हे 'ओपन'च्या जोडीचं साधं विशेषण झालं आणि पॅसिव्ह उरलं नाही. 'एव्हरी नाइट अ‍ॅट नाइन बाय द वॉचमन' असं पुढे जोडता आलं तर कुणीतरी बंद करण्याची क्रिया दिसते आणि पॅसिव्ह म्हणता येतं. 'टुडे' जोडलं तर बहुधा विशेषण. नुसतं तीन-चार शब्दांचं वाक्य दिलं असेल तर दोन्ही बाजूंनी बोलता येतं, आणि असं वाक्य प्रश्नात घालणाऱ्याने घरचा अभ्यास केलेला नाही असं मला वाटतं. काळाबद्दल मात्र शंका नाही. कसंही पाहिलं तरी 'इज' आहे, म्हणून सिम्पल प्रेझेंट.

वही मिटताना भाच्याने विचारलं, "डबे जोडतच जायचे असतील तर परफेक्ट, कंटिन्युअस आणि पॅसिव्ह तिन्ही एकाच वाक्यात येतील का?" क्रमाने जोडलं तर होतं 'हॅज बीन बीइंग वायडन्ड'. व्याकरण त्याला अडवत नाही, पण 'बीन'पाठोपाठ 'बीइंग' जिभेला जड जातं. म्हणून असं वाक्य फार क्वचित भेटतं, आणि शालेय तक्त्यात परफेक्ट कंटिन्युअसच्या पॅसिव्हचा खण रिकामा सोडलेला असतो. प्रश्नपत्रिकेत उत्तर म्हणून हे तिन्ही एकत्र निघालं तर वाचताना एखादा शब्द सुटला नाही ना, ते पाहावं. मग मुंबई-गोवा महामार्गाचं वर्षानुवर्षं चाललेलं रुंदीकरण इंग्रजीत सांगायचं कसं, असं त्याने विचारलं. इंग्रज माणूस बहुधा कर्ता आणून 'दे हॅव बीन वायडनिंग द हायवे फॉर इयर्स' म्हणेल. 'दे' म्हणजे कोण, हे तोही सांगणार नाही.