वीसपैकी सतरा फेऱ्या

"पंपाला किती घ्यायचं?" ड्रोन टेम्पोतून उतरवला जात असतानाच आबांनी विचारलं. औषधाचा हिशेब सगळं गाव याच मापाने करतं. पंधरा लिटरच्या पाठीवरच्या पंपाला एक टोपण, अळी जास्त दिसली तर दीड. एकरात किती पंप जातात हे मारणाऱ्यावर असतं. घाईत असला तर आठ, निवांत असला तर तेरा.

ड्रोन चालवणाऱ्या ताई शेजारच्या गावच्या बचत गटातल्या. त्या म्हणाल्या, "आबा, पंप विसरा. एकराला किती, ते सांगा."

ही गोष्ट लातूर जिल्ह्यातल्या औसा भागातली आहे, आणि आबा हे कुणा एकाचं नाव नाही. दोन एकर सोयाबीन, ऑगस्टचा मध्य, पीक फुलोऱ्यात आणि आठवडाभर झड लागलेली. पावसाने उघडीप दिली तेव्हा तासाच्या एका मीटरात चार-पाच उंटअळ्या दिसू लागल्या होत्या. काळ्या रानाला वापसा नव्हता, पाय टाकला की घोट्यापर्यंत रुतायचा. पंप पाठीला लावून आत शिरणं म्हणजे चिखल तुडवणं आणि सोयाबीनही तुडवणं. वापसा यायची वाट पाहावी तर तोवर अळीने पानांची चाळण केली असती. ड्रोनचं भाडं एकरी चारशे ऐकून आबा आधी नको म्हणाले होते. कबूल झाले ते यंत्राच्या कौतुकाने नाही, या चिखलामुळे.

औषध आणलं होतं क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल १८.५ टक्के. सोयाबीनसाठी त्याची मात्रा हेक्टरी १५० मिली, म्हणजे एकरी ६०. हातपंपाने एकराला साधारण २०० लिटर पाणी लागतं, त्यात हे ६० मिली पडतात. ड्रोन तेवढंच औषध दहा लिटर पाण्यात नेतो. एकराची मात्रा बदलत नाही, पाणी मात्र विसावा हिस्सा होतं. त्यामुळे ड्रोनच्या टाकीतलं द्रावण हातपंपातल्यापेक्षा वीसपट कडक असतं: लिटरला ६ मिली, जिथे एरवी ०.३ मिली असतं. आबांचा पहिला गोंधळ इथेच झाला. दहा लिटरच पाणी आहे म्हटल्यावर त्यांनी पंपाच्या हिशेबाने तीन मिली टाकायला सांगितलं. तसं केलं असतं तर अख्ख्या एकरात तीन मिली औषध पडलं असतं आणि अळीला त्याचा पत्ताही लागला नसता. मग दोष ड्रोनला. ड्रोनने गुण आला नाही अशा तक्रारी ऐकल्या की मी आधी हेच विचारतो, मात्रा पंपाची धरली होती की एकराची.

कडक द्रावणाची दुसरी बाजू मिसळणाऱ्याच्या अंगावर येते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, दोन-तीन औषधांची मिसळ, तोंडाला काही नाही, आणि दिवसभर त्याच धुक्यात चालणं. ड्रोनमुळे माणूस त्या धुक्यातून बाहेर येतो, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. पण टाकी भरणारा हात तिथेच राहतो आणि त्याच्यावर उडणारा थेंब वीसपट कडक असतो. म्हणून ताईंनी रबरी हातमोजे, चष्मा आणि मास्क घातल्याशिवाय बाटलीचं बूच उघडलं नाही. मापायला टोपण न वापरता मिलीच्या खुणा असलेलं मापी भांडं काढलं.

आबांची आणखी एक इच्छा होती. एवढं चारशे रुपये देतोच आहोत तर त्यात बुरशीनाशकाची पावडर आणि विद्राव्य खतही घालून टाकावं. ताईंनी तिन्ही गोष्टी टाकीच्याच प्रमाणात पाण्याच्या एका छोट्या बाटलीत घालून हलवल्या आणि बाटली बांधावर ठेवून दिली. दहा मिनिटांनी तळाला पिठासारखा थर बसला होता. दोनशे लिटरात जे विरघळून जातं ते दहा लिटरात तसंच राहतं, आणि ड्रोनच्या बारीक नोझलमध्ये जाऊन बसतं. बाटली पाहून आबांनी पुढे हट्ट धरला नाही.

मग शेताची मोजणी. ताई रिमोट हातात घेऊन बांधाबांधाने चालल्या आणि चारही कोपऱ्यांवर थांबून खुणा नोंदवल्या. पडद्यावर शेताचा चौकोन उमटला: पूर्व-पश्चिम ऐंशी मीटर, दक्षिण-उत्तर शंभर. ड्रोन एका फेरीत चार मीटर रुंदीचा पट्टा भिजवतो, तेव्हा वीस फेऱ्या. शंभर मीटरची एक फेरी म्हणजे चार गुंठे, आणि चार गुंठ्यांना एक लिटर. सेकंदाला चार मीटर वेगाने एका फेरीला पंचवीस सेकंद लागतात. तेवढ्या वेळात बरोबर एक लिटर बाहेर पडेल असा पंपाचा प्रवाह ठरवलेला असतो. आबांना हा हिशेब चटकन कळला, कारण तो गुंठ्यांत होता.

फक्त ताईंनी वीसपैकी पूर्वेकडच्या तीन फेऱ्या पुसून टाकल्या.

"त्या का सोडल्या?"

"पलीकडं तुती आहे ना, आबा."

पूर्वेच्या शेतात रेशीम कीटकांसाठी तुतीची लागवड होती. माणसाला तुलनेने सौम्य असलेलं हेच औषध रेशीम अळीला मात्र थेट मारक आहे, कारण तीही शेवटी अळीच. औषधाचं धुकं तुतीच्या पानांवर बसलं आणि ती पानं तोडून रॅकवर गेली, तर अख्खी बॅच हातची जाते. पावसाळ्यात आपल्याकडे वारं बहुधा पश्चिमेकडून येतं, म्हणजे आबांच्या शेतातून सरळ तुतीकडे. ड्रोनचा थेंब बारीक, तो पिकाच्या वर दोन-अडीच मीटरवरून सुटतो, त्यामुळे हातपंपाच्या थेंबापेक्षा दूर वाहतो. बारा मीटरचा पट्टा सोडणं हा त्यावरचा एक उपाय. दुसरा उपाय म्हणजे वाऱ्याची वेळ बघणं. सकाळी साडेसातला बांधावरच्या गवताचा शेंडा जेमतेम हलत होता. दहानंतर फांद्या हलू लागल्या असत्या तर ताईंनी ड्रोन टेम्पोतच ठेवला असता.

टाकीत आधी साधं पाणी घालून चारही नोझल चालवून बघितली. एकातून फवाऱ्याऐवजी धार गळत होती. ती खोलून मऊ ब्रशने साफ केली, परत बसवली. चारपैकी एक नोझल तुंबलं असेल तर वरून काही कळत नाही, ड्रोन झोकात उडतो. आठवड्याने शेतात पट्टे दिसतात, एक हिरवा, एक खाल्लेला.

आता आबांच्या हातात ताईंनी पिवळ्या कागदाचे छोटे तुकडे दिले. पाणी पडलं की हा कागद निळा होतो. बांधालगतच्या दोन-चार झाडांवर शेंड्याला, मध्यावर आणि बुडाशी टाचणीने तुकडे लावले. सगळे पश्चिमेच्या बांधामागे येऊन उभे राहिले.

ड्रोन उठला तेव्हा आबांनी टोपी धरली. आवाज मोठा, माशांच्या मोहोळासारखा. त्यांना वाटलं होतं पाऊस पाडल्यासारखा फवारा दिसेल. दिसलं भलतंच. पंख्यांच्या खालच्या वाऱ्याने सोयाबीन दोन्ही बाजूंना झोपलं, पानं उलटून त्यांची फिकट पाठ वर आली आणि ड्रोन पुढे सरकताच पुन्हा उभी राहिली. फवारा नुसता धुरकट पट्टा, उन्हाच्या दिशेने पाहिलं तरच दिसणारा. "काही पडतंय का नाही?" ते दोनदा म्हणाले.

सुरुवात पूर्वेकडून, सोडलेल्या पट्ट्याच्या कडेने. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला एकेक फेरी सरकत आलं की ड्रोन स्वतःच्याच धुक्यात शिरत नाही. आठ फेऱ्यांनी आठ लिटर संपले, ड्रोन आपल्या जागी येऊन बसला. टाकी पुन्हा भरली, बॅटरी बदलली. भरल्या टाकीनिशी बॅटरी दहा-पंधरा मिनिटांच्या पलीकडे पुरत नाही, म्हणून टेम्पोत जनरेटर लावून दुसरा जोड चार्ज होत असतो. दिवसाचं काम औषधावर नाही, या चार्जिंगवर अडतं. पुढच्या नऊ फेऱ्या झाल्या आणि ड्रोन परतला. हवेत उडण्याचा वेळ सगळा मिळून दहा मिनिटांच्या आसपास. मोजणी, बाटली, नोझल, कागद यांत मात्र तासभर गेला होता.

आबा थेट कागदांकडे गेले. शेंड्याचा कागद निळ्या ठिपक्यांनी गच्च भरलेला, मध्यावरच्यावर ठिपके विरळ, बुडाच्या कागदावर मोजून चार-सहा. ताईंनी लपवलं नाही. एका चौरस सेंटिमीटरात वीस-तीस थेंब पडले तर कीटकनाशकाला पुरतात. उंटअळी वरची पानं खाते, तेव्हा आजचं काम भागलं. बुडाच्या पानांवरचा करपा किंवा झाडाखाली दडणारी कीड असती तर एवढ्यावर भरवसा ठेवता आला नसता. दाट सोयाबीनमध्ये ड्रोनची खरी मर्यादा ही आहे, आणि ती जाहिरातीत नसते.

जाहिरातीत योजना असते, तीही खोटी नाही. नमो ड्रोन दीदी योजना २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झाली. पंधरा हजार महिला बचत गटांना ड्रोन द्यायचे, किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त आठ लाख रुपये अनुदान. पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणातले पहिले पाच ड्रोन उडवायला शिकण्याचे असतात, उरलेले दहा शेतीतल्या औषध-खतांचे. आबांच्या बांधावर जे उपयोगी पडलं ते बहुतेक या दुसऱ्या भागातलं होतं.

चौथ्या दिवशी आबांनी तासात बसून झाडं हलवली. सतरा फेऱ्यांच्या पट्ट्यात अळ्या सुकून काळ्या पडलेल्या. सोडलेल्या तीन फेऱ्यांत त्या जिवंत आणि चांगल्या पोसलेल्या. बारा गुंठे, गुंठ्याला दीड मिली म्हणजे १८ मिली, गुंठ्याला पाच लिटर म्हणजे ६० लिटर पाणी, चार पंप. वारं पूर्वेकडून फिरलेली एक सकाळ बघून, तुतीवाल्याला आधी सांगून, नोझल पिकाच्या अगदी जवळ धरत त्यांनी ते हातानेच मारलं. तोवर वापसाही आला होता.

त्याच आठवड्यात शेजारचे काका ताईंना गाठायला आले. त्यांच्या नव्या आडसाली उसात रुंद पानाचं तण माजलं होतं, आणि ड्रोनने २,४-डी मारून हवं होतं. ताईंनी उसापलीकडे पाहिलं. आबांचं सोयाबीन बांधाला लागूनच होतं. उसाला न लागणारं हे तणनाशक रुंद पानाच्या कुठल्याही पिकाला लागतं, नुसत्या वाफेनेही पानं पिळवटतात.

"काका, हे ड्रोनचं काम नाही. पंपाला हूड लावून माणसानं मारा."

"डबल भाडं देतो की."

"भाडं तुम्ही द्याल, काका. सोयाबीन आबांचं जाईल."