मन लागायची वाट न पाहता

नैराश्यात माणूस एकेक काम सोडत जातो. आधी बाजार सुटतो, मग शेजारणीकडचं जाणं, मग आंघोळीचीही टाळाटाळ सुरू होते. प्रत्येक वेळी क्षणभर सुटल्यासारखं वाटतं. पण आनंदाची आणि काही जमल्याच्या समाधानाची जागाही त्याबरोबर बंद होते, आणि मन आणखी खचतं. ‘बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन’ ही उपचारपद्धती हे चक्र कृतीच्या टोकाकडून उलटं फिरवते. उत्साह येण्याची वाट न पाहता एक लहानशी कृती आधी करायची आणि मनात काय फरक पडतो ते बघायचं.

गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये ‘संगथ’ संस्थेने आणि डॉ. विक्रम पटेल यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत तपासून पाहिली. उपचार देणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, तर प्रशिक्षण घेतलेले स्थानिक समुपदेशक होते. नैराश्य बऱ्यापैकी तीव्र असलेल्या 495 रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचाराबरोबर सहा ते आठ भेटी मिळाल्या. तीन महिन्यांनंतर त्यांच्यातले 64 टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. केवळ नेहमीचा उपचार मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण 39 टक्के होतं.

या भेटींमध्ये नेमकं काय चालतं, हे बार्देश तालुक्यातल्या एका कल्पित बाईंच्या उदाहरणातून पाहू. मुलगा बोटीवर नोकरीला गेला, आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भाजी विकणाऱ्या या बाईंनी हळूहळू घराबाहेर पडणंच सोडलं. मागच्या दोन आठवड्यांबद्दलच्या नऊ प्रश्नांच्या पीएचक्यू-9 या चाचणीत त्यांना 27 पैकी 17 गुण मिळाले. गुण जितके जास्त, तितका त्रास जास्त.

समुपदेशक पहिल्याच भेटीत काही करायला सांगत नाही, आठवडाभराची नोंद मागतो: केव्हा, काय केलं, आणि तेव्हा मन शून्य ते दहामध्ये कुठे होतं. लिहिता येत नसेल तर हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांवर खूण करता येते. नोंद रात्री एकदम केली तर दिवसभराचं सगळं काळंच आठवतं. म्हणून दिवसातून तीन-चारदा, त्या त्या वेळीच करायची. बाईंच्या कागदावर दुपारी पडून विचार करत राहण्यासमोर एक होता. परसातल्या मिरचीला पाणी घातलं तेव्हा चार. ‘मला कशातच बरं वाटत नाही,’ असं म्हणणाऱ्या बाईंना तो चार स्वतःच्याच खुणेत दिसला.

पुढचं काम त्या चारमधूनच निवडायचं. इथे नवखे समुपदेशक हमखास चुकतात: ‘रोज फिरायला जा, देवळात जा,’ असा सल्ला देतात. तो सल्ला समुपदेशकाचा असतो, बाईंचा नव्हे. शिवाय तो मोघम आणि मोठाही असतो. ‘सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सात वाजता, दहा मिनिटं मिरचीच्या वाफ्यातलं तण काढायचं’ हे नियोजन झालं. आड काय येईल, हेही तेव्हाच विचारायचं.

पुढच्या आठवड्यात हे काम एकदाच झालं. ‘का नाही केलंत?’ या प्रश्नाने बाई मान खाली घालतील. ‘त्या दिवशी सकाळी सातला काय चाललं होतं?’ असं विचारलं तर उत्तर मिळतं: सासूबाईंचा चहा. वेळ दुपारी चारची ठरली. नोंदीतली सर्वांत वाईट वेळ नेमकी तीच होती, त्यामुळे पडून विचार करत राहण्याचा वेळही कमी झाला. पाचव्या भेटीनंतर त्या शेजारणीबरोबर म्हापशाला गेल्या, भाजी न घेता, फक्त अर्ध्या तासासाठी. तोवर गुण 17 वरून 11 वर आले होते.

तज्ज्ञ आठवड्याला भेटत नसेल तर समुपदेशकाच्या कामावर लक्ष कोणी ठेवायचं? गोव्यात समुपदेशक रुग्णांच्या परवानगीने भेटी ध्वनिमुद्रित करत, गटात ऐकत आणि ठरलेल्या मोजपट्टीवर एकमेकांना गुण देत. ऐकताना मोघम काम लगेच कानाला लागतं. भेट चालू असताना ते लागतंच असं नाही.

सहकाऱ्यांच्या या देखरेखीला मर्यादा आहे. चाचणीचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही उत्तर आलं, तर एकूण गुण कितीही कमी असोत, आधी मोकळेपणाने चौकशी करायची: काही बेत आहे का, साधन हाताशी आहे का? धोका दिसला तर माणसाला एकटं सोडायचं नाही, घरच्यांना जवळ बोलवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोहोचवायचं. टेलिमानसचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. तीन-चार भेटींनंतरही गुण हलत नसतील किंवा वाढत असतील, तरीही रुग्णाला डॉक्टरांकडे पाठवायचं, सोबत त्या आठवड्यांच्या नोंदींचे कागद देऊन.