अक्षरं वाढली की स्क्रीन का मोडते?

चाळिशी उलटली की बरेच जण फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन अक्षरं मोठी करून घेतात. मेसेज नीट वाचता येऊ लागतात. पण बिल भरायचं एखादं अ‍ॅप उघडावं, तर रक्कम ‘₹१२,४…’ अशी अर्धवट दिसते आणि ‘पुढे जा’चं बटण सापडतच नाही. माणसाला वाटतं, आपल्यालाच फोन जमत नाही. खरं तर दोष अ‍ॅपच्या मांडणीत असतो आणि तो दुरुस्त करता येतो.

अक्षरं किती वाढू शकतात ते आधी पाहू. आयफोनवर नेहमीचा मजकूर १७ पॉइंटचा असतो. Accessibility विभागातल्या Larger Text मध्ये सर्वांत मोठा आकार निवडला की तोच मजकूर ५३ पॉइंटचा होतो, म्हणजे तिपटीहून मोठा. मोठं शीर्षक मात्र ३४ वरून ६० वरच थांबतं, कारण ते मुळातच वाचण्याजोगं असतं. अँड्रॉइडवर २०२३ साली आलेल्या १४व्या आवृत्तीपासून अक्षरं २०० टक्क्यांपर्यंत वाढवता येतात आणि तिथेही छोटी अक्षरं जास्त, मोठी अक्षरं कमी वाढतात.

आता बिलाच्या त्या ओळीचा हिशेब करू. डावीकडे ‘एकूण देय रक्कम’, उजवीकडे ‘₹१२,४५०.००’. छोट्या आयफोनची रुंदी ३७५ पॉइंट. दोन्ही कडांना १६-१६ सोडले की ३४३ उरतात. नेहमीच्या आकारात शब्दांना साधारण १०० आणि रकमेला ९० पॉइंट लागतात, त्यामुळे मध्ये भरपूर मोकळी जागा दिसते. सर्वांत मोठ्या आकारात हेच आकडे ३१० आणि २८० होतात. दोन्ही शेजारी-शेजारी मावणं शक्यच नाही. मग अ‍ॅप रकमेचे शेवटचे अंक खातं आणि तीन टिंबं ठेवतं. पैशाच्या व्यवहारात नेमके तेच अंक हवे असतात.

उपाय असा, की अक्षरं ठरावीक आकारापुढे गेली की शब्द वरच्या ओळीत आणि रक्कम खालच्या ओळीत यावी. प्रत्येकाला पूर्ण ३४३ पॉइंट मिळतात आणि दोन्ही मावतात. स्क्रीनची रुंदी वाढत नाही, पण खाली सरकवत नेलं तर उंची हवी तेवढी मिळते. सगळी मांडणी या एका गोष्टीवर उभी राहायला हवी.

दुसरी चूक उंचीची. ओळीची किंवा बटणाची उंची ४८ अशी पक्की ठरवली, तर वाढलेली अक्षरं त्या चौकटीत कापली जातात. देवनागरीत हे लवकर घडतं, कारण आपल्या लिपीत वर वेलांटी नि रफार, खाली उकार. ‘पूर्ती’ हा शब्द अशा चौकटीत दोन्हीकडून छाटला जातो. चाचणी फक्त इंग्रजीत घेतली तर हे लक्षात येत नाही. अँड्रॉइडवर योग्य लिखाण असं असतं:

```xml
<TextView
    android:layout_width="match_parent"
    android:layout_height="wrap_content"
    android:minHeight="48dp"
    android:textSize="16sp" />
```

इथे ४८ ही किमान उंची आहे. मजकूर वाढला की चौकटही वाढते. `sp` हे एकक वापरणाऱ्याने निवडलेल्या आकारानुसार बदलतं, `dp` बदलत नाही. मूळ सेटिंगवर दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून अक्षरांना चुकून `dp` दिलं तरी बनवणाऱ्याला ते टेबलावर बसून कळत नाही.

तिसरी चूक बटण हरवण्याची. पान खाली सरकवण्याची सोयच ठेवली नसेल, तर वाढलेला मजकूर बटणाला स्क्रीनबाहेर ढकलतो आणि व्यवहार तिथेच अडकतो. साध्या सूचनांची पेटीसुद्धा सरकवता यायला हवी.

काही जागा मात्र वाढवता येत नाहीत. आयफोनमधल्या तळपट्टीवरची नावं वाढवली तर पट्टीच स्क्रीन खाऊन टाकेल. म्हणून तिथे मोठ्या आकारांत चिन्हावर बोट दाबून धरलं की त्याचं नाव स्क्रीनच्या मध्यभागी मोठ्या अक्षरांत दिसतं. पण हा अपवाद पुढे करून पूर्ण अ‍ॅपचीच अक्षरवाढ बंद करणं, हे अनेक ठिकाणी घडतं आणि ते चूक आहे. तिथे स्क्रीन नीटनेटकी राहते, पण वाचायला कोणाला येत नाही, हे बनवणाऱ्याला कधीच कळत नाही.

अ‍ॅप बनवणाऱ्यांनी प्रत्येक नवी स्क्रीन सर्वांत मोठ्या आकारात, मराठी मजकूर आणि मोठी रक्कम घालून, छोट्या फोनवर पाहावी. रक्कम पूर्ण दिसते का, मात्रा शाबूत आहेत का, शेवटच्या बटणापर्यंत बोट पोहोचतं का, एवढं तपासावं. वापरणाऱ्यांनी अडलेल्या स्क्रीनचं छायाचित्र घेऊन, सोबत अक्षरांचा आकार कळवून तक्रार करावी. आकार कळला की तो दोष बनवणाऱ्याला आपल्या फोनवर लगेच पाहता येतो.