निळ्या गटाचं बॅटन पडतं तेव्हा

डिसेंबर-जानेवारीत महाराष्ट्रातल्या शाळाशाळांतून चुन्याची फक्की मारली जाते, खांबांवर कर्णे चढतात आणि पीटीच्या सरांचा आवाज तिसऱ्या दिवशी बसतो. ऑलिंपिकमध्ये कुस्तीचं पदक आणणाऱ्या खाशाबा जाधवांचा जन्मदिन, १५ जानेवारी, आता राज्य क्रीडादिन म्हणून साजरा होतो, त्यामुळे अनेक शाळांना तारीख ठरवणंही सोपं झालं आहे. क्रीडासंमेलन संपलं की आठवड्याभरात कुणीतरी कला शिक्षकांच्या किंवा कॉम्प्युटरच्या मॅडमच्या गळ्यात आणखी एक काम घालतं. तीन दिवसांचं चित्रीकरण चार मिनिटांत बसवायचं, वर निवेदन घालायचं, पालकांचे दोन शब्द टाकायचे आणि गॅदरिंगला पडद्यावर दाखवायचं.

पहिला घोळ इथेच होतो. चार मिनिटं म्हणजे २४० सेकंद. धावतं वर्णन म्हणून मराठी वाचायचं तर सेकंदाला दोन शब्द हा सुखाचा वेग आहे. त्याहून वेगानं बोललं की जोडाक्षरं एकमेकांवर आदळतात. म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबता बोललं तरी जेमतेम ४८० शब्द. त्यातून पालकांचं बोलणं, शिट्ट्या, टाळ्या आणि मैदानाचा गलका यांना निम्मी जागा द्यायची, तर निवेदकाच्या वाट्याला साधारण अडीचशे शब्द उरतात. शाळेकडून आलेल्या मजकुरात प्रमुख पाहुण्यांचा परिचयच कधीकधी तेवढा असतो.

दुसरा घोळ कानाच्या सवयीचा. मराठी माणसाच्या मनात धावत्या वर्णनाचा नमुना रेडिओचा आहे. बाळ ज. पंडित, वि. वि. करमरकर यांच्या आवाजात क्रिकेट ऐकत एक अख्खी पिढी मोठी झाली. रेडिओवर ऐकणाऱ्याला काहीच दिसत नसतं, म्हणून गोलंदाज कुठून येतोय, चेंडू कुठे गेला, कोण धावलं, हे सगळं शब्दांनीच उभं करावं लागतं. पडद्यासमोर बसलेल्याला मात्र मुली धावताना दिसतच असतात. तरीही निवेदनात हमखास वाक्य येतं, ‘आणि पाहा, या विद्यार्थिनी किती जोमानं धावत आहेत!’ पाहतोच आहोत की. जे चित्रात दिसत नाही ते निवेदकानं सांगायचं असतं. कोणता गट गुणतक्त्यात कुठे आहे, या फेरीवर काय अवलंबून आहे, नियम काय सांगतो.

नियमाचं उदाहरण घेऊ, कारण शालेय क्रीडासंमेलनात सगळ्यात जास्त आरडाओरडा ज्या शर्यतीला होतो, ती चार गुणिले शंभर मीटर रिले नियमांवरच रंगते. शाळेचा ट्रॅक बहुधा २०० मीटरचा, म्हणजे ही शर्यत दोन फेऱ्यांची. बॅटन म्हणून बहुतेक ठिकाणी प्लास्टिकच्या पाइपचा हातभर तुकडा असतो. तो एकीनं दुसरीला द्यायचा तो आखलेल्या टप्प्यातच. मोठ्या स्पर्धांत हा टप्पा ३० मीटरचा असतो. बॅटन खाली पडलं म्हणजे गट बाद, अशी प्रेक्षकांतल्या निम्म्या लोकांची समजूत असते. तसं नाही. ज्या धावपटूच्या हातून ते पडलं तिनंच ते उचलायचं, दुसऱ्या कुणाला अडथळा करायचा नाही आणि अंतर वाचवायचं नाही, एवढं पाळलं की पुढे धावता येतं. देताघेताना पडलं आणि घेणारीच्या मुठीत ते अजून पुरतं आलेलं नसलं, तर उचलायची जबाबदारी देणारीची. हा नियम ठाऊक असलेल्या निवेदकाला त्या क्षणी सांगण्यासारखं काहीतरी असतं. ज्याला ठाऊक नाही तो ‘अरेरे’ म्हणून मोकळा होतो.

समजा, सहावीच्या मुलींची शर्यत आहे आणि चार गट धावताहेत. प्रत्यक्षात शर्यतीला सव्वा मिनिट लागलं, चित्रफितीत तिला ४५ सेकंदांच्या आसपास जागा मिळाली. संहितेचा तो तुकडा कागदावर असा दिसेल.

दृश्य: सुरुवातीची रेषा. चार मुली वाकलेल्या. हातात शिट्टी घेतलेले सर.

निवेदक: सहावीच्या मुली, रिले. गुणतक्त्यात निळा गट शेवटचा आहे.

(शिट्टी. चार सेकंद फक्त मैदानाचा आवाज.)

निवेदक: दुसरा बदल. लाल निघाला, पिवळा निघाला, हिरवा निघाला. निळा… पडलं! बॅटन पडलं!

(प्रेक्षकांचा ओरडा, तीन सेकंद.)

निवेदक: पण निळा गट बाद नाही. जिच्या हातून पडलं तिनं उचललं, की शर्यत चालू!

आई: “मी इथून ओरडत होते, अगं उचल, उचल! मग बघितलं तर सगळे माझ्याकडेच बघतायत.”

निवेदक: शेवटचे शंभर मीटर. लाल पुढे. पिवळा दुसरा. वळणावर निळ्यानं हिरव्याला गाठलं!

(रेषा ओलांडताना, संथ गतीत. निवेदन नाही.)

आजोबा: “पहिला नंबर कुणाचा आला ते मला माहीत नाही. आमची तिसरी आली.”

या तुकड्यात निवेदकाचे शब्द पन्नासही नाहीत. विशेषणं जवळजवळ नाहीत, ‘रोमहर्षक’ आणि ‘अटीतटीची’ तर नाहीतच, कारण तो भार आईनं आणि आजोबांनी उचललाय. विजेत्या लाल गटाचा जल्लोष इथे नाही, याबद्दल लाल गटाच्या पालकांची कुरकुर होईल. ती रास्तही आहे. बक्षीस समारंभाच्या दृश्यात त्यांना जागा देता येते. पण शर्यतीची गोष्ट निळ्याची होती, आणि ४५ सेकंदांत एकच गोष्ट सांगून होते.

निवेदन मागाहून, शांत खोलीत ध्वनिमुद्रित केलेलं असतं. तरी ते वर्तमानकाळात असावं लागतं आणि बोलणाऱ्यानं निकाल माहीत नसल्यासारखं बोलावं लागतं. ‘थोड्याच वेळात निळा गट मागे पडणार आहे’ हे वाक्य शर्यतीतला जीवच काढून घेतं. त्याहून चांगला मार्ग बऱ्याच शाळांच्या हातात असतो आणि वाया जातो. मैदानावर माइक घेऊन पीटीचे सर जे बोलतात, त्यात खरी धाप असते. कर्ण्यातून आलेला तो आवाज कॅमेऱ्यात फाटका येतो. पण ध्वनियंत्रणेवाल्याला आधी सांगून मिक्सरच्या आउटपुटमधून तो थेट मुद्रित करून घेतला, तर चित्रफितीत दोन-तीन ठिकाणी सरांचाच आवाज वापरता येतो. ‘ए, रेषेच्या आत या रे पोरांनो’ यासकट.

चित्रीकरण करणाऱ्यानं कुठे उभं राहायचं यावरही निवेदन अवलंबून असतं. मोबाइल घेऊन मुलांच्या बाजूनं धावत सुटणाऱ्याच्या हाती फक्त हलणारी जमीन लागते. अंतिम रेषेच्या सरळ रेघेत, बाजूला उभं राहिलं तर कोण आधी पोहोचलं ते दिसतं. निकाल धडावरून लागतो. पुढे केलेला हात किंवा पाय धरला जात नाही. ते चित्र स्वच्छ मिळालं तर निवेदकाला ठामपणे बोलता येतं. संथ गतीची मात्र फार हौस करू नये. त्या तुकड्यात मैदानाचा आवाज कामाचा राहत नाही, आणि आवाज गेला की शर्यत कवायतीसारखी दिसायला लागते. शेवटच्या चार-पाच पावलांना ती पुरे.

आता पालक. हा भाग वरवर सोपा वाटतो आणि सगळ्यात जास्त फसतो. बक्षीस समारंभ झाल्यावर मांडवाशेजारी पालकांना रांगेनं उभं करून ‘कसं वाटलं?’ असं विचारलं, की दहापैकी नऊ जण ‘खूप छान वाटलं, शाळेचे आभार’ असंच म्हणतात. दोष त्यांचा नाही, प्रश्नच तसा असतो. शर्यत संपल्यावर मिनिटाभरात, दोरीच्या कडेला, माणूस अजून टाचा उंचावून बघत असताना विचारायला हवं, ‘आत्ता काय झालं?’ मग तो हातवारे करून सांगतो. ‘घरी सराव कसा केला?’ या प्रश्नालाही फळ येतं. लिंबू-चमच्याची तयारी म्हणून आठवडाभर स्वयंपाकघरातून पोरगं चमचा तोंडात धरून फिरत होतं, लिंबं संपली तेव्हा बटाट्यावर भागवलं, असलं काहीतरी त्यातून निघतं. त्यातले सहा ते आठ सेकंद ठेवायचे. प्रश्न कापला जाणार असल्यानं उत्तर पूर्ण वाक्यात येईल असं बघावं. नुसतं ‘हो, खूप’ असं उत्तर मिळालं तर ते संकलनात निरुपयोगी.

आणि मागे गाणं वाजत नाही ना, हे बघायचं. क्रीडासंमेलनात दोन स्पर्धांच्या मधे कर्ण्यावर सिनेमाची गाणी लावायची प्रथाच आहे. एका आजीचं अर्ध्या मिनिटाचं बोलणं कापून आठ सेकंदांवर आणलं, की मागचं गाणं धृपदातून थेट तिसऱ्या कडव्यात उडी मारतं आणि कात्री कुठे लागली ते शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळतं. हा दोष नंतर पुरता काढणं अवघड असतं. शिवाय तीच चित्रफीत समाजमाध्यमांवर टाकली तर गाण्याच्या हक्कांमुळे आवाज बंद केला जाण्याची शक्यता असते. उपाय एकच, कर्ण्यापासून लांब जायचं आणि फोन बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरायचा. कॉलरला लावायचा छोटा माइक असेल तर उत्तमच.

परवानगीचा मुद्दा पूर्वी कुणी काढत नसे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती महत्त्वाची मानली आहे. सभागृहात दाखवणं वेगळं आणि सगळ्या जगासाठी नेटवर टाकणं वेगळं, त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीला संमतिपत्रात दोन्हींसाठी स्वतंत्र रकाने ठेवणं बरं. एखाद्या पालकानं दुसऱ्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं असेल, तर बाहेर जाणाऱ्या प्रतीतून त्या मुलाचं जवळून घेतलेलं दृश्य काढावं लागतं. पडून रडणारं मूल, फाटलेली पँट, चक्कर येऊन सावलीत बसवलेली मुलगी, ही दृश्यं संमती असली तरी दोन्ही प्रतींतून वगळावीत.

संकलन झाल्यावर वर्गशिक्षकांना एकदा दाखवण्याचा खटाटोप टाळू नये. निळ्या गटाला निवेदनात हिरवा म्हटलेलं असतं, सातवीच्या मुली आठवीत गेलेल्या असतात, एखादी तुकडी अख्खी गायब असते. संपूर्ण शाळा एकत्र दिसते ती लेझीमच्या किंवा कवायतीच्या लांबून घेतलेल्या दृश्यात. नवशिका संकलक ते तीन सेकंदांत उरकतो, त्यावर शाळेचं ब्रीदवाक्यही वाचून घेतो. अनुभवी माणूस ते दहा-बारा सेकंद तसंच सोडतो, निवेदन बंद ठेवतो आणि कॅमेरा हलवत नाही, कारण तेवढ्या वेळात सभागृहातला प्रत्येक पालक तिसऱ्या रांगेत डावीकडून आपलं पोरगं कितवं ते शोधत असतो.