शूटची दुसरी तारीख

वाईपासून जवळच मेणवलीला कृष्णेच्या काठी नाना फडणवीसांचा वाडा आणि दगडी घाट आहे. २००४ साली आलेल्या ‘स्वदेस’ चित्रपटाचं बरंचसं चित्रीकरण इथे झालं, आणि तेव्हापासून या पायऱ्या लोकांच्या डोळ्यांत बसल्या आहेत. पुण्याहून गाडीने दोन-अडीच तासांवर, शेजारी धोम धरण, पलीकडे पाचगणीची टेकडी. त्यामुळे लग्नाआधीचं शूट ठरवणाऱ्या जोडप्यांच्या यादीत मेणवली हमखास असते. त्यांना हवा असतो तो ऑक्टोबर. तेव्हा डोंगर अजून हिरवे असतात, नदीला पाणी असतं आणि मोठा पाऊस संपत आलेला असतो.

संपत आलेला असतो, संपलेला नसतो. हवामान खात्याने २०२० पासून वापरात आणलेल्या सरासरी तारखांनुसार मोसमी पाऊस मुंबईतून ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघारी फिरतो. ही अनेक वर्षांची सरासरी आहे, त्यामुळे एखाद्या वर्षी पाऊस आठवडा-दोन आठवडे रेंगाळतो. शिवाय मोसमी वारे परतल्यावरही बंगालच्या उपसागरात किंवा अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला, की ऐन दिवाळीच्या तोंडावर सरी येतात. म्हणून ऑक्टोबरातलं शूट ठरवताना एका तारखेवर काम भागत नाही. पहिली तारीख पक्की होते त्याच बैठकीत दुसरीही पक्की व्हायला हवी. फोटोग्राफरपासून गजरेवाल्यापर्यंत सगळ्यांनी तीही राखून ठेवली, तरच ती दुसरी तारीख म्हणायची. “पाऊस आला तर बघू” एवढ्यावर सोडलेली तारीख ऐन वेळी कुणाच्याच हाती लागत नाही.

आधी पावसाचा स्वभाव समजून घेऊ. जुलैचा पाऊस दिवसभर झिमझिमत राहतो. परतीच्या पावसाची तऱ्हा वेगळी. सकाळी स्वच्छ ऊन पडतं, दुपारपर्यंत जमीन तापते, दमट हवा वर चढते, दोन-तीनच्या सुमारास ढग उंच होऊ लागतात आणि संध्याकाळी विजांच्या कडकडाटासह तासभर कोसळून सगळं शांत होतं. फोटोग्राफरांना प्रिय असलेला मावळतीचा सोनेरी प्रकाश नेमका याच वेळेत येतो. म्हणूनच अनुभवी फोटोग्राफर ऑक्टोबरात तारीख हलवण्याआधी वेळ हलवून पाहतात. ऑक्टोबरच्या मध्यात सूर्योदय साधारण साडेसहाला होतो. सव्वासहाला घाटावर उभं राहिलं, तर नऊपर्यंत मऊ प्रकाश मिळतो, गर्दी नसते आणि दुपारच्या ढगांशी गाठ पडत नाही. त्याची किंमत म्हणजे मेकअपला पहाटे साडेतीन-चारला बसावं लागतं, म्हणजे आदल्या रात्री मुक्काम वाईत.

मग तारीख हलवायची कधी? इथे अंदाजाची भाषा वाचता यायला हवी. हवामान खातं जिल्ह्यांना हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल असे रंग देतं. पिवळा रंग दिसला की अनेक जोडपी घाबरून शूट रद्द करायला निघतात. पण त्याच अंदाजात ‘तुरळक ठिकाणी’ असे शब्द असतील, तर त्या भागातल्या फार तर चौथ्या हिश्शाच्या केंद्रांवर पाऊस अपेक्षित असतो, एवढाच त्याचा अर्थ. सातारा जिल्ह्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तर पूर्वेकडचे माण-खटाव दुष्काळी. म्हणून घाटमाथ्याचा इशारा वेगळा दिला जातो आणि तो जिल्ह्याच्या इशाऱ्यापासून वेगळा वाचावा लागतो. वाई डोंगराच्या पायथ्याशी असल्याने तिथे दोन्ही पाहिलेले बरे. नारिंगी किंवा लाल इशारा असेल, तर चर्चाच नको, तारीख हलवावी. पिवळा असेल आणि अंदाज दुपारनंतरच्या विजांचा असेल, तर सकाळचं शूट बहुतेक वेळा पार पडतं.

नुसत्या ढगांसाठी मात्र तारीख हलवू नये. ढगाळ आभाळात चेहऱ्यावर कडक सावल्या पडत नाहीत, डोळे बारीक होत नाहीत, साडीचा रंग खरा येतो. सोनेरी किरणं मिळत नाहीत हे खरं, पण फोटो खराब होत नाहीत. जोडप्याचं मन सूर्यास्तावरच बसलं असेल, तर तसं बुकिंगच्या वेळीच सांगावं. म्हणजे दाट ढग हेही तारीख बदलण्याचं कारण म्हणून आधीच मान्य होतं.

मेणवलीला एक गोष्ट आकाशात दिसत नाही, ती नदीत दिसते. वर धरणक्षेत्रात पाऊस झाला आणि धोममधून पाणी सोडलं, तर वाईत ऊन असतानाही घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्याखाली जातात. पाणी ओसरल्यावर त्यांवर गाळ आणि शेवाळ राहतं. नऊवारी नेसून, दागिने घालून अशा पायरीवर पाय ठेवणं धोक्याचं आहे. म्हणून फोटोग्राफरने आदल्या दिवशी गावातल्या कुणाला तरी फोन करून पाण्याची पातळी आणि पायऱ्यांची स्थिती विचारावी. हवामानाचं कोणतंही ॲप ही माहिती देत नाही. विजेसाठी मात्र ॲप आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेलं ‘दामिनी’ आसपासच्या विजांची सूचना देतं. गडगडाट ऐकू आला की मोकळ्या घाटावरून आणि पाण्यातून बाहेर पडून गाडीत किंवा पक्क्या इमारतीत जावं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबावं, हा सर्वमान्य नियम आहे. धातूचे लाइट स्टँड उघड्यावर धरून उभ्या असलेल्या सहायकालाही तो लागू होतो, हे मालकांनी विसरू नये.

दुसरी तारीख शोधताना बहुतेकांना लगेचचा रविवार सुचतो. शनिवार गेला तर रविवार. पण कमी दाबाच्या पट्ट्याचा पाऊस आला की तो सहसा दोन-चार दिवस मुक्कामाला असतो, त्यामुळे शनिवारी कोसळला तर रविवारीही कोसळण्याची शक्यता मोठी. दोन तारखांमध्ये निदान आठवडाभराचं अंतर असावं, म्हणजे दोन्हींवर एकाच पावसाची सावली पडत नाही.

एक उदाहरण धरू. लग्न डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आहे. निमंत्रणाचा व्हिडिओ तीन आठवडे आधी पाठवायचा, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत तो तयार हवा. संकलनाला दहा-बारा दिवस लागतात, तेव्हा नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत शूट व्हायलाच हवं. मागची हद्द ठरते पितृपक्षाने. त्या पंधरवड्यात फोटोग्राफर मोकळे असतात, पण बऱ्याच घरांत मोठी माणसं शूटला नको म्हणतात. नंतर नवरात्र, मग दसरा. दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण वीस दिवस मिळतात. या वीस दिवसांत दसऱ्यानंतरचा पहिला शनिवार ही पहिली तारीख घ्यावी आणि त्यानंतर अकरा दिवसांनी येणारा बुधवार ही दुसरी. आडवारचा दिवस मुद्दाम, कारण शनिवार-रविवार फोटोग्राफरकडे आधीच गेलेले असतात आणि बुधवारी घाटावर गर्दीही कमी असते. अडचण सुट्टीची. दोघांनीही त्या बुधवारची रजा आधीच टाकून ठेवावी आणि शनिवारी शूट झालं तर ती मागे घ्यावी. दिवाळीनंतरवर ढकलण्यात धोका आहे: तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात आणि कुठल्याच चांगल्या फोटोग्राफरला मोकळा दिवस उरत नाही.

आता या जोडप्याचा गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार कसा जाईल? गुरुवारी संध्याकाळी दोघं आणि फोटोग्राफर अंदाज पाहून फोनवर बोलतात. निर्णय घेत नाहीत, फक्त सगळ्यांना सावध करतात. शुक्रवारी दुपारी हवामान खात्याचा ताजा अंदाज आला की तीन वाजेपर्यंत निर्णय होतो, कारण चारला मेकअप करणारी बाई पुण्याहून निघणार असते. निर्णय कुणी घ्यायचा हे आधीच ठरलेलं असावं. सुरक्षिततेचा आणि यंत्रांचा प्रश्न असेल तर फोटोग्राफरचा शब्द अखेरचा. प्रकाश आवडेल की नाही एवढाच प्रश्न असेल तर जोडप्याचा. दोन्हींकडच्या नातेवाइकांना ग्रुपवर विचारत बसलं, तर संध्याकाळ तिथेच जाते. शनिवारी पहाटे उठल्यावर रडारचं चित्र एकदा पाहायचं. त्यावरून पुढच्या दोन-तीन तासांत सर येतेय का, ते बरंचसं कळतं.

पैशांचं बोलणंही बुकिंगलाच उरकावं. फोटोग्राफरचा ॲडव्हान्स सहसा दुसऱ्या तारखेला वळता होतो. पण ठरलेल्या वेळेआधी कळवलं तरच, हे लेखी असावं, निदान व्हॉट्सॲपवर तरी. मेकअप, भाड्याचे कपडे, वाड्यातली परवानगी आणि मुक्काम हे चार खर्च वेगवेगळ्या हातांत असतात. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: आदल्या दिवशी दुपारी तीनला कळवलं, तर किती पैसे जातील? कपड्यांच्या दुकानदाराकडे दोन्ही तारखांची नोंद नसेल, तर शेरवानी बुधवारी दुसऱ्याच्या अंगावर असते, ही नेहमीची फसगत.

तयारीत सर्वांत जास्त विचार कपड्यांचा करावा. रेशमी पैठणीवर पाण्याचे थेंब पडले की डाग उमटतात आणि जर काळवंडू शकते. पैठणी हवीच असेल तर ती वाड्याच्या छपराखाली आणि दिवसाच्या सुरुवातीला, तिथली परवानगी आधी काढून. घाटावर आणि पाण्याजवळ सुती इरकल किंवा जॉर्जेट चालेल. सोबत कोरड्या कपड्यांचा एक पूर्ण जोड, अंतर्वस्त्रांसकट, दोन मोठे टॉवेल, पिनांची डबी, केस वाळवण्याचं यंत्र आणि चालताना घालायला चांगली पकड असलेल्या चपला. छत्री घ्यायची तर एकरंगी, जाहिरात नसलेली. काळी छत्री चेहऱ्यावर अंधार पाडते, पांढरी किंवा फिकी प्रकाश पसरवते. केस मोकळे ठेवण्यापेक्षा खाली बांधलेला अंबाडा बरा, दमट हवेत मोकळे केस तासाभरात बसतात. गजरा निर्णय झाल्यावरच सांगावा, तोही वाईतच. आणि नवऱ्या मुलाने दाढी कोरून घेतली असेल, तर अकरा दिवसांत ती वाढते, म्हणून न्हाव्याकडची दुसरी वेळही ठरवून ठेवावी.

बुधवारही पावसात गेला तर? तसं क्वचित होतं, पण होतं. त्यासाठी तिसरी तारीख धरून ठेवणं कुणालाच परवडत नाही. त्याऐवजी करारात एक जागा लिहून ठेवावी, जिथे छप्पर आहे आणि दारं-खिडक्यांतून उजेड येतो: एखादा वाडा, आजोळचं घर, किंवा लग्नाचंच कार्यालय सकाळी रिकामं असताना. त्या दिवशी फ्रेम छोट्या होतात, घाट मिळत नाही, आणि निमंत्रणाच्या व्हिडिओला लागणारी तीन-चार मिनिटं पुरी होतात. राहिलेल्या तासांचे पैसे परत घ्यायचे, की लग्नानंतर हिवाळ्यातल्या एखाद्या सकाळी मेणवलीला जाऊन ते तास वापरायचे, हेही त्याच कागदावर लिहिलेलं असावं. जानेवारीत पायऱ्या कोरड्या असतात आणि सकाळी नदीवर अनेकदा धुकं असतं. पण डोंगर तोवर पिवळे पडलेले असतात, हे फोटोग्राफरने जोडप्याला आधीच सांगावं.