गडचिरोलीचे ६२, हालाचे १५

गावातल्याच कार्यकर्तीने घरोघर जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, तर मृत्यू किती कमी होतात? यावरच्या सगळ्या अभ्यासांचा आढावा घ्यायचा, तर प्रत्येक पेपरसाठी तक्त्यात एक ओळ येते आणि तिच्यात पद्धत, नमुना आणि निष्कर्ष असे रकाने असतात. भरायला हे सोपं वाटतं. पण दोनच पेपर घेतले तरी अडचण दिसते.

पहिला १९९९ सालचा, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा, ‘लॅन्सेट’मधला. त्यात गडचिरोलीतल्या ३९ गावांत ही सेवा दिली आणि ४७ गावं तुलनेला ठेवली. दुसरा २०११ चा, पाकिस्तानातल्या हाला भागाचा. तिथे गावांचे १६ समूह करून कोणत्या समूहाला सेवा द्यायची ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. गडचिरोलीत तसं नव्हतं, आणि ते ‘पद्धत’ या रकान्यात स्पष्ट लिहायला हवं.

नमुन्याच्या रकान्यात हजारो बाळांचा आकडा एकटाच टाकला तर वाचक फसतो. एका गावातली बाळं पुष्कळ बाबतींत सारखी असतात, म्हणून नमुन्याचं खरं बळ बाळांच्या संख्येपेक्षा कमी भरतं. समूहात सरासरी १०१ बाळं असतील आणि त्यांच्यातलं साम्य दाखवणारा सहसंबंध फक्त ०.०१ असेल, तरी हे बळ निम्म्यावर येतं. म्हणून गावं किंवा समूह किती आणि बाळं किती, हे दोन रकाने वेगळे ठेवावेत.

निष्कर्षाचा रकाना मला सर्वांत जोखमीचा वाटतो. हालामध्ये हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू ४३ झाले, तर तुलनेच्या समूहांत ४९.१. सरळ भागाकार केला तर घट १२ टक्के येते, पण पेपरमधलं गुणोत्तर ०.८५ आहे, म्हणजे घट १५ टक्के. गडचिरोलीतही तिसऱ्या वर्षीचे २५.५ आणि ५९.६ हे आकडे सरळ ताडले तर घट ५७ टक्के दिसते. पेपर ६२ म्हणतो, कारण त्यात सेवा सुरू होण्यापूर्वीचे मृत्युदरही धरले आहेत. चारही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक होते ती एका ओळीत पेपरचा आकडा आणि दुसऱ्या ओळीत स्वतः काढलेला आकडा लिहिल्याने. आकडा कोणत्या काळाचा आहे तेही सोबत हवं, कारण गडचिरोलीचा ६२ हा फक्त तिसऱ्या वर्षाचा आहे.

म्हणूनच तक्ता आधी तीन-चार पेपरांवर भरून पाहतात आणि रकाने सुधारतात. मग दोन जणांनी एकमेकांचं न पाहता भरायचं, जुळणार नाही तिथे दोघांनी मूळ पान उघडायचं. प्रत्येक आकड्याशेजारी पानाचा किंवा कोष्टकाचा क्रमांक लिहिलेला असेल, तर हे काम मिनिटभराचं. आणि पेपरमध्ये माहिती नसेल तर ‘नोंद नाही’ असं लिहावं. रिकामा रकाना पाहून पुढच्याला कळत नाही, की माहितीच नव्हती की भरायचं राहिलं.